साम्य शून्य टक्के, आकडे मनाचे

मराठवाड्यात पीएच.डी.चा थिसिस जमा करायला निघालेल्या माणसाला धास्ती असते ती प्लॅगरिझम रिपोर्टची. साम्य दहा टक्क्यांच्या आत बसलं की गाइड सही करतात, प्रमाणपत्र मिळतं आणि पेढे वाटायची तयारी सुरू होते. वर गेलं तर दोन रात्री जागून वाक्यं फिरवायची आणि पुन्हा अपलोड करायचं. या सगळ्या धावपळीत एक साधा प्रश्न कुणीच विचारत नाही: चौथ्या प्रकरणातल्या तक्त्यातली ती 400 माणसं खरंच भेटली होती का? मनाने रचलेला आकडा कुठून उचललेला नसतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला त्यात साम्य सापडण्याचं काही कारणच नाही. सगळा सर्वे घरात बसून केला, तर त्या तक्त्यांचा रिपोर्ट चोख येईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं. डेटा रचणं आणि डेटा फिरवणं हे उसनवारीपेक्षा मोठे गुन्हे आहेत, आणि आपल्या विद्यापीठांकडे ते पकडायची व्यवस्था जवळपास नाही. ती उभी करायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. थिसिससोबत भरलेले फॉर्म आणि मूळ फाइल ताब्यात घ्यावी लागते, आणि तक्रार आली तर आधी कागद सील करून मग नोटीस द्यावी लागते. हा क्रम उलटा झाला की पुढची चौकशी नावापुरती उरते.

नियमांची स्थिती आधी पाहू. यूजीसीने 2018 साली शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे विनियम आणले. थिसिसमध्ये 10 टक्क्यांपर्यंत साम्य माफ. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. 40 ते 60 असेल तर एक वर्षापर्यंत सुधारित प्रतही देता येत नाही. 60 च्या वर नोंदणी रद्द. विभागाचं एक पॅनेल, त्यावर संस्थेचं एक पॅनेल, प्रत्येकाला 45 दिवस. नावात सचोटी आहे, पण शिक्षा मोजली जाते ती साम्याच्या टक्क्यांवर. पॅनेलवर प्लॅगरिझमचं सॉफ्टवेअर जाणणारा सदस्य हवा असं त्यात लिहिलं आहे. आकडेवारी वाचता येणारा माणूस हवा असं लिहिलेलं नाही. त्यामुळे कुणी येऊन म्हणालं की साहेब, हा सर्वे झालेलाच नाही, तर कुलसचिवांच्या टेबलावर तो अर्ज कोणत्या फाइलला लावायचा इथपासून प्रश्न सुरू होतो.

आता एक उदाहरण घेऊ. हे मी रचलेलं आहे आणि रचलेलं आहे असं सांगूनच पुढे जातो.

विषय बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांचं कर्ज आणि स्थलांतर. धारूर, केज, पाटोदा अशा तालुक्यांतली 400 माणसं, प्रत्येकाचं वय, जमीन, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि शेवटी पाच-पाच पर्यायांचे वीस प्रश्न. थिसिस जमा होतो, रिपोर्ट सात टक्के. मग त्याच विभागातली एक संशोधक विद्यार्थिनी लेखी कळवते की हे फॉर्म खोलीवर बसून भरलेत.

जाणकार माणूस या फाइलमध्ये आधी काय बघेल? वयाचा रकाना. आपल्याकडे वय विचारलं की लोक तीस, पस्तीस, चाळीस असं सांगतात. 37 किंवा 43 सांगणारा क्वचित भेटतो. शून्य आणि पाचावर संपणाऱ्या वयांचा असा ढीग जनगणनेतही दिसतो आणि लोकसंख्याशास्त्रात तो मोजायच्या ठरलेल्या पद्धती आहेत. आता समजा कुणी एक्सेलमध्ये `=RANDBETWEEN(18,60)` लिहून 400 ओळींवर खाली ओढलं. 18 ते 60 मध्ये 43 वयं येतात, त्यातली शून्य किंवा पाचावर संपणारी फक्त नऊ. म्हणजे 400 पैकी साधारण 84 माणसं 'गोल' वयाची निघतील. खऱ्या गावात हा आकडा याच्या कितीतरी वर जातो. थोडक्यात, इथे डेटा जितका नीटस, तितका संशय जास्त.

हीच गत उचलीची. उचल पन्नास हजार असते, ऐंशी हजार असते, लाख असते. 73,412 रुपये उचल घेतलेला कोयता मला कुणी दाखवावा. शिवाय उचल मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून. फॉर्ममध्ये नवऱ्याची वेगळी आणि बायकोची वेगळी उचल लिहिली असेल, तर फॉर्म भरणारा एकाही तोडकऱ्यासमोर बसलेला नाही असं समजायला जागा आहे. आणि तारखा. मुलाखती जानेवारीत, गावात, घरी जाऊन घेतल्या असं लिहिलं असेल तर जानेवारीत ही माणसं गावात असतात कुठे? दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरून गेलेली असतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. अर्थात मुलाखती कारखान्याच्या तळावर, कोप्यांवर जाऊन घेतल्या असतील तर जानेवारी अगदी बरोबर. म्हणून तारखेसोबत ठिकाणही बघावं लागतं.

पण या खुणांवरून कुणाला दोषी ठरवता येत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण असली साधनं हाती आली की उत्साही माणसं लगेच निकाल देऊ लागतात. एक हिशेब करून दाखवतो. समजा तक्त्यात लिहिलंय की बचत गटातल्या 20 महिलांनी एका प्रश्नाला 1 ते 5 मध्ये गुण दिले आणि सरासरी आली 3.47. आता गुण पूर्णांकात आहेत. वीसांची बेरीज 69 असेल तर सरासरी 3.45, आणि 70 असेल तर 3.50. मधे काही येऊच शकत नाही. म्हणजे 3.47 ही सरासरी गणितानेच अशक्य. ही तपासणी ग्रिम या नावाने ओळखली जाते, निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स या दोघांनी ती मांडली, आणि ती करायला मूळ डेटा लागतही नाही, छापलेला तक्ता पुरतो. इथवर वाचून वाटेल, सापडला चोर! पण थांबा. समजा वीसांपैकी एका बाईने तो प्रश्न कोराच सोडला. मग उरल्या 19. त्यांची बेरीज 66 असेल तर सरासरी येते 3.47. अगदी बिनचूक. संशोधकाचा दोष इतकाच की त्याने तक्त्याखाली 'एकीने उत्तर दिलं नाही' असं लिहिलं नाही.

म्हणजे आकड्यांवरची शंका ही दार ठोठावण्यापुरती. आतला निकाल फॉर्म बघूनच द्यावा लागतो. तो एक कोरा रकाना फॉर्मवर दिसला तर प्रकरण पाच मिनिटांत मिटतं. फॉर्मच नसतील तर ना आरोप सिद्ध होत, ना माणूस सुटत. शिवाय ग्रिम चालते ती छोट्या गटांवर. दोन दशांशांपर्यंत लिहिलेली सरासरी असेल तर शंभराच्या पुढे तिचा उपयोग संपतो, आणि आपल्याकडचे थिसिस तर 400 चे.

रचण्यापेक्षा फिरवणं जास्त अवघड पकडायला. इथे सर्वे खरा असतो, फॉर्म खरे असतात. फक्त गृहीतक सिद्ध होत नव्हतं म्हणून तीस-चाळीस नडणारे फॉर्म बाजूला काढलेले असतात, किंवा एक्सेलमध्ये 2 चे 4 केलेले असतात. संशोधक म्हणतो, टायपिंगची चूक झाली. होऊ शकते, 400 फॉर्म, चाळीस रकाने, म्हणजे सोळा हजार नोंदी हाताने टाकताना चुका होणारच. खरी चूक आणि केलेला फेरफार यांतला फरक ओळखायची एक जुनी युक्ती आहे: चुका कोणत्या बाजूला पडतात ते पाहायचं. चिठ्ठ्या टाकून चाळीस फॉर्म काढा, फाइलशी ताडून बघा. प्रामाणिक चूक कधी संशोधकाच्या म्हणण्याला धार्जिणी असते, कधी विरुद्ध. सगळ्या चुका एकाच बाजूला, तीही हव्या त्या बाजूला पडल्या, तर उत्तर मागायला हवं. गाळलेल्या फॉर्मांसाठी अनुक्रमांक उपयोगी पडतात. 1 पासून 437 पर्यंत नंबर टाकलेत आणि गठ्ठ्यात 400 आहेत, तर मधले 37 कुठे गेले आणि का, याचं लेखी कारण थिसिसमध्ये असायला हवं होतं. मोबाइलवर कोबोटूलबॉक्ससारख्या ॲपमधून सर्वे केला असेल तर काम आणखी सोपं, कारण प्रत्येक फॉर्म कधी सुरू झाला, कधी संपला याची वेळ तिथे नोंदलेली असते. वीस मिनिटांची मुलाखत दोन मिनिटांत उरकलेली दिसली की फार बोलावं लागत नाही.

मूळ कागद नसले की काय होतं, याचं आपल्याच देशातलं एक प्रकरण आहे. मुरादाबादच्या एका डॉक्टर-संशोधकाने हृदयरोग्यांच्या आहारावरची एक चाचणी 1992 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली. निकाल फारच चांगला होता. शंका आल्या, संपादकांनी मूळ नोंदी मागितल्या. उत्तर आलं की त्या वाळवीने खाल्ल्या. आपल्याकडच्या पत्र्याच्या कपाटांची अवस्था बघता ही गोष्ट अशक्य नाही, हे आपण कुणीही मान्य करू. त्याच संशोधकाने पाठवलेल्या दुसऱ्या एका आहार-चाचणीचा डेटा मात्र संपादकांच्या हाती आला, आणि तो त्यांनी संख्याशास्त्रज्ञांकडे दिला. त्यांनी तो एका दुसऱ्या, शंका नसलेल्या औषध-चाचणीच्या डेटाशेजारी ठेवून तपासला. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले असतील तर उपचार सुरू होण्याआधी दोन्ही गट सारखेच दिसायला हवेत. सरासरी सारखी, आकड्यांचा पसारा सारखा, शेवटच्या अंकांची आवडनिवडही सारखी. इथे उपचाराआधीच दोन गटांत नको इतके फरक होते. डेटा रचलेला असल्याखेरीज याचं दुसरं स्पष्टीकरण पटण्यासारखं नाही, असा त्यांचा निष्कर्ष 2005 साली छापून आला.

1992 ते 2005. तेरा वर्षं. एवढा वेळ गणिताला लागला नाही. वेळ गेला तो चौकशी करायची कुणी, या प्रश्नावर. संशोधक कोणत्या विद्यापीठाच्या नोकरीत नव्हता, स्वतःच्या दवाखान्यातून काम करत होता. लंडनचे संपादक फार तर शंका जाहीर करू शकतात. ते मुरादाबादला येऊन कपाट उघडू शकत नाहीत, रुग्णांना भेटू शकत नाहीत. भारतातल्या कुणी ही जबाबदारी घ्यावी म्हणून त्यांनी प्रयत्न केले, पण कुणी घेतली नाही. शेवटी नियतकालिकाने वाचकांना सावध केलं आणि विषय तिथे थांबला. चौकशी संस्थेनेच करावी लागते, याचं कारण यात दिसतं: कपाटाची किल्ली फक्त तिच्याकडे असते.

मग संस्थेने ती कशी करावी? अमेरिकेत सरकारी पैशावर चालणाऱ्या वैद्यकीय संशोधनासाठी 2005 पासून एक नियमावली आहे. तिच्यातल्या सगळ्या गोष्टी आपल्याला लागू पडतील असं नाही, पण तिचा क्रम शिकण्यासारखा आहे. आधी तक्रारीत दम आहे का हे कुणीतरी कागदावरच बघतो. दम असेल तर प्राथमिक विचारणा. तिचं काम इतकंच की पूर्ण चौकशी करण्याइतकं काही आहे की नाही, हे ठरवणं. असेल तर पूर्ण चौकशी. 2005 च्या नियमांत पहिल्या टप्प्याला 60 दिवस आणि दुसऱ्याला 120 दिवस होते. 2024 च्या सुधारणेत ते 90 आणि 180 केले, कारण जुन्या मुदतीत काम उरकत नाही हे अनुभवाने कळलं. आणि सगळ्यात कामाचं कलम असं: ज्याच्यावर आरोप आहे त्याला कळवण्याच्या आधी, किंवा फार तर कळवतानाच, सगळ्या मूळ नोंदी संस्थेने ताब्यात घ्यायच्या.

आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. तक्रार आली की आधी 'खुलासा सादर करावा' असं पत्र जातं, पंधरा दिवसांची मुदत देऊन. पंधरा दिवसांत 400 फॉर्म नव्याने भरून होतात, पाहिजे तर वेगवेगळ्या पेनांनी. एकदा का हे घडलं, की पुढे कितीही मोठ्या माणसांची समिती नेमली तरी तिच्यासमोर येणारा पुरावा आरोपीने वेळ घेऊन सजवलेला असतो.

बीडच्या त्या काल्पनिक थिसिसचं उदाहरण पुढे नेऊ. तक्रार आल्यावर अधिष्ठात्यांनी विभागाबाहेरची दोन माणसं सोबत घेऊन त्याच दिवशी फॉर्मांचा गठ्ठा, लॅपटॉपमधल्या फाइलींची प्रत आणि नोंदवही ताब्यात घ्यावी, पंचनामा करावा, सील करावं आणि त्याची पोच व कागदांच्या झेरॉक्स संशोधकाला तिथल्या तिथे द्याव्यात, म्हणजे बचाव करायला त्याच्या हातात सगळं राहील. आरोप लेखी द्यावेत. मग समितीतला कुणीतरी फॉर्मांवरच्या गावांमधून दहा-बारा नावं चिठ्ठीने काढून एप्रिलनंतर, माणसं गावात आल्यावर, तिथे जाऊन यावं. "ताई, मागच्या वर्षी कॉलेजचं कुणी काही विचारायला आलं होतं का?" एवढाच प्रश्न. सर्वे करणाऱ्या संस्था आपल्या प्रगणकांवर अशी फेरतपासणी नेहमीच ठेवतात, त्यात काही नवीन नाही. लोक विसरतात हेही धरून चालावं. दहापैकी तिघांना आठवलं नाही तर काही बिघडत नाही. पण दहापैकी सात नावांची माणसं त्या गावात नाहीतच, किंवा ज्याची मुलाखत झाली तो त्याच्या आदल्या वर्षीच वारला, असं निघालं तर आकडेशास्त्राची गरजही उरत नाही.

पुरावा कितपत लागावा, यावर आपल्याकडे उगाच घोळ घातला जातो. ही फौजदारी केस नाही. खात्यांतर्गत चौकशीत जसं शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते बघतात, तसंच इथे. मात्र पारडं झुकलं एवढ्यावर भागत नाही. हे जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने केलं होतं का, की प्रामाणिक चूक होती, याचं उत्तर समितीने कारणांसह लिहायला हवं. आणि अंतिम करण्याआधी अहवालाचा मसुदा संशोधकाला वाचायला देऊन त्याचं म्हणणं अहवालाला जोडायला हवं. हे केलं नाही तर औरंगाबाद खंडपीठात पहिल्याच तारखेला नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर सगळं उलटतं, आणि मग खरा दोषीही डौलात फिरतो.

दोष कुणाचा, हा प्रश्नही वाटतो तितका सरळ नसतो. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाचे डीडरिक स्टापेल हे सामाजिक मानसशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक, विद्याशाखेचे अधिष्ठाता. शाळांमधून प्रश्नावल्या भरून आणतो असं सांगायचे आणि तयार डेटाची फाइल विद्यार्थ्यांच्या हातात द्यायचे. विद्यार्थ्यांनी त्या फाइलींवर पीएच.डी. केल्या. शाळा, मुलं, प्रश्नावल्या काहीच नव्हतं. 2011 साली तीन तरुण संशोधकांनी विभागप्रमुखांना सांगितलं, आणि स्टापेल ज्या तीन विद्यापीठांत काम करून गेले होते त्या तिन्ही ठिकाणी समित्या बसल्या. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा एकत्र अहवाल आला: 55 शोधनिबंधांत आणि दहा विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत रचलेला डेटा. समित्यांनी त्या विद्यार्थ्यांना दोषी धरलं नाही. उलट सहलेखकांना, परीक्षकांना, संपादकांना विचारलं की इतकी वर्षं एवढे गुळगुळीत निकाल येत होते, तर एकदाही कुणी भरलेली प्रश्नावली बघायला का मागितली नाही?

आपल्याकडे प्रकरण उघडकीस आलंच, तर बळी विद्यार्थ्याचा जातो. गाइडची सही प्रमाणपत्रावर असते, 'हे काम माझ्या मार्गदर्शनाखाली झालं' असं त्यात लिहिलेलं असतं, पण त्या सहीची जबाबदारी कुणी वसूल करत नाही. माझ्या मते गाइडने किमान एक दिवस फील्डवर जायला हवं आणि वीस फॉर्मांवर पाहिल्याची सही व तारीख टाकायला हवी. एका वेळी आठ-आठ विद्यार्थी घेणाऱ्यांना हे जड जाईल. जाऊ द्या.

तक्रार करणारीचं काय होतं, तेही बघा. तिचा सहामाही प्रगती अहवाल गाइडच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही, आणि अहवाल अडला की बार्टी, सारथी किंवा महाज्योतीची फेलोशिप अडते. गाइड आरोपीचाच असेल किंवा त्याच्या गटातला असेल, तर तिने तोंड उघडायचं कशाच्या बळावर? तक्रार नोंदल्याच्या दिवसापासून तिचा अहवाल दुसऱ्या कुणाच्या सहीने जाईल, एवढी एक ओळ नियमात आली तरी फरक पडेल. दुसरीकडे हेही खरं की आपल्या विद्यापीठांत गटबाजी आहे, जातीवरून अडवाअडवी आहे, आणि सिनेटच्या निवडणुकीआधी तक्रारींना पूर येतो. म्हणूनच पहिला टप्पा गुप्त हवा, समितीत बाहेरच्यांचं बहुमत हवं, आणि आरोपात तक्ता, पान, रकाना असा नेमका उल्लेख नसेल तर तक्रार दाखल करून घेऊ नये. 'यांचं संशोधन बोगस आहे' हे वाक्य तक्रार म्हणून चालू नये.

या सगळ्यावर मला हमखास ऐकावं लागणारं उत्तर असं की आमच्या पोरांकडे पैसे नाहीत, पहिली पिढी शिकतेय, त्यात तुम्ही हे नवं लचांड लावता. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. चार तालुक्यांत 400 मुलाखती म्हणजे एसटीचं भाडं, मुक्काम, दिवसाची बुडालेली मजुरी. फेलोशिप सहा-सहा महिने रखडते. मग पोरगं काय करणार? पण 400 चा आग्रह धरला कुणी? किती लोकसंख्येला किती माणसांचा नमुना घ्यावा हे सांगणारा एक तक्ता आहे, बहुतेक ठिकाणी हा आग्रह त्यातल्या 384 या आकड्यातून आलेला असतो. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी 1970 साली तो छापला, आणि त्याची अट अशी की लोकसंख्येतून नमुना चिठ्ठ्या टाकून, कुणालाही सारखी संधी देऊन काढलेला हवा. आपले बहुतेक सर्वे ओळखीच्या गावात, सोयीने भेटेल त्याला विचारून होतात. तिथे 384 ला काडीचा अर्थ नाही. सोयीने गाठलेल्या 400 माणसांपेक्षा नीट निवडलेली, नीट ऐकलेली 120 माणसं केव्हाही सरस. संशोधन मान्यता समितीने सिनॉप्सिस मंजूर करतानाच हा आकडा खाली आणला, तर खोटे फॉर्म भरायचं निम्मं कारण तिथेच संपेल. आणि 120 फॉर्मांचा गठ्ठा ठेवायला ग्रंथालयात जागा नाही, असं तरी कुणी म्हणणार नाही. स्कॅन केले तर एका पेनड्राइव्हवर मावतात. नाव-पत्त्याचं पान वेगळं काढून बंद लिफाफ्यात ठेवलं की मुलाखत देणाऱ्यांची माहितीही उघडी पडत नाही.

पूर्ण थिसिस आज शोधगंगेवर जगाला वाचायला मिळतो. परिशिष्टात प्रश्नावली असते, तीही कोरी. भरलेली एकही नसते. विद्यापीठाने ठरवलं तर पुढच्या सत्रापासून जमा करण्याच्या अर्जात एक रकाना वाढवता येईल: भरलेले फॉर्म किती, मूळ फाइल कोणत्या नावाची, दोन्ही कुणाच्या ताब्यात दिली. त्यासाठी यूजीसीच्या परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही.

आणि चौकशी झालीच, तर अहवाल व्यवस्थापन परिषदेच्या बंद लिफाफ्यात पडून राहू नये. टिलबर्गचा अहवाल कुणालाही वाचायला मिळतो, कोणत्या निबंधात काय रचलं होतं यासकट. आपल्याकडे पदवी काढून घेतली तरी तोच थिसिस शोधगंगेवर तसाच राहिला, तर पुढचा संशोधक त्यातली उचलीची सरासरी उद्धृत करणार, आणि त्यावरून कुणीतरी ऊसतोड कुटुंबांसाठीची योजना आखणार. म्हणून दोष सिद्ध झाल्यावर त्या नोंदीवर ठळक शेरा, निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र, आणि निर्दोष सुटला असेल तर तेवढ्याच ठळकपणे तसं जाहीर करणं, ही तिन्ही कामं कुलसचिवांनी निकालानंतर महिनाभरात करावीत, असं नियमातच लिहिलेलं असावं.